पाच मिनिटांचे भाषण, मिश्र श्रोते आणि रिग्रेशनचा निष्कर्ष: संहिता कशी लिहावी?

मृण्मयी_स

नमस्कार. पुढील महिन्यात शालेय आरोग्यावरील एका परिषदेत मला पाच मिनिटे बोलायचे आहे. संशोधनाचे निष्कर्ष कसे वाचावेत, हा त्या सत्राचा विषय असून प्रत्येक वक्त्याने सर्वांना उपलब्ध असलेली एखादी जुनी पाहणी घेऊन बोलावे, अशी अपेक्षा आहे. सभागृहात छातीचे डॉक्टर, मुख्याध्यापक, परिचारिका, आरोग्य खात्यातील अधिकारी आणि काही पालक असतील. तीनच स्लाइड दाखवता येतील आणि त्यांवर तक्ते नसावेत, असे आयोजकांनी कळवले आहे.

मी निवडलेली पाहणी संख्याशास्त्राच्या वर्गांत बरीच वापरली जाते. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील बॉस्टन शहराच्या पूर्व भागात ३ ते १९ वर्षे वयाच्या ६५४ मुलांची फुप्फुसे तपासली गेली. खोल श्वास घेऊन जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात किती लिटर हवा बाहेर पडते, हे मोजले गेले; त्याला एफईव्ही म्हणतात. त्यांपैकी ६५ मुले सिगारेट ओढणारी होती. नुसती सरासरी काढली तर न ओढणाऱ्यांची २.५७ लिटर आणि ओढणाऱ्यांची ३.२८ लिटर भरते, म्हणजे ओढणारी मुले अधिक जोरात फुंकतात. रिग्रेशनमध्ये वय घातले की चित्र उलटते. माझ्या संहितेचा मधला परिच्छेद सध्या असा आहे:

‘वय नियंत्रित केल्यानंतर धूम्रपानाचा सहगुणक उणे ०.२०९ इतका मिळतो, त्याची प्रमाणत्रुटी ०.०८१ असून पी व्हॅल्यू ०.०१ पेक्षा किंचित कमी आहे. वयाचा सहगुणक ०.२३१ आहे.’

घरी मोठ्याने वाचून दाखवले, तेव्हा ‘नियंत्रित’ या शब्दापाशीच श्रोत्यांचे लक्ष उडाले. हा परिच्छेद आकड्यांवाचून आणि तरीही खोटे न बोलता कसा सांगावा, यावर आपली मते हवी आहेत.

रंगारी

सर्वप्रथम अक्षरांचा आकार मोठा ठेवावा आणि एका स्लाइडवर सहापेक्षा अधिक ओळी ठेवू नयेत. पार्श्वभूमी गडद असेल, तर प्रक्षेपकावर पिवळी अक्षरे चांगली उठून दिसतात. शीर्षक डावीकडे घ्यावे.

मृण्मयी_स

@रंगारी, आभार, परंतु माझा प्रश्न स्लाइडच्या मांडणीचा नसून बोलायच्या मजकुराचा आहे. स्लाइडवर ओळी नसतीलच, फक्त ठिपके असतील.

रंगारी

ठिपके असतील तर ओढणाऱ्यांना लाल आणि न ओढणाऱ्यांना हिरवा रंग देऊ नका, कारण श्रोत्यांमध्ये हे दोन रंग वेगळे न ओळखणारे एक-दोन जण हमखास निघतात. करडा आणि नारिंगी असे रंग घ्या आणि नारिंगी ठिपके थोडे मोठे काढा. प्रश्न चुकीचा वाचूनही उत्तर उपयोगी पडावे, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा आहे.

आडगावचे_गुरुजी

मी निवृत्त मुख्याध्यापक आहे, त्यामुळे आपल्या श्रोत्यांपैकीच एक समजा. ‘नियंत्रित केले’ हे शब्द ऐकल्यावर माझ्या डोळ्यांसमोर वयाला काठीने आवरणारा माणूस येतो. आम्हाला हे असे कळते: चौथीच्या आणि दहावीच्या मुलांची एकत्र शर्यत लावली आणि दहावीची मुले पुढे आली, तर त्यांच्या पायांतल्या बुटांचे कौतुक कोणी करणार नाही. आपली ओढणारी मुले वयाने मोठी आहेत काय, एवढे मला सांगा. पुढचे माझे मला समजेल.

एक काळजीही आहे. आपण ‘ओढणाऱ्या मुलांची फुंकर अधिक जोरदार’ या कोड्याने सुरुवात करणार, असे दिसते. अशा परिषदांना वार्ताहर येतात आणि ते पहिल्या मिनिटात टिपण घेऊन चहाला जातात. दुसऱ्या दिवशीच्या बातमीचा मथळा काय असेल, याचा विचार करावा.

मृण्मयी_स

होय, गुरुजी. ओढणाऱ्यांचे सरासरी वय साडेतेरा वर्षे आहे आणि न ओढणाऱ्यांचे साडेनऊ. नऊ वर्षांखालील एकही मूल ओढणाऱ्यांत नाही. शर्यतीचे उदाहरण आपल्या परवानगीने उचलते.

अवशेष

बाईंनी चांगला माहितीसंच निवडला आहे, कारण रिग्रेशन नेमके काय करते ते त्यात डोळ्यांना दिसते. माझी सूचना अशी, की सहगुणक हा शब्दच काढून टाकावा आणि त्याच्या जागी एक कृती दाखवावी. पहिल्या स्लाइडवर ठिपक्यांचे दोन उभे पुंजके असावेत. करडा न ओढणाऱ्यांचा, नारिंगी ओढणाऱ्यांचा, आणि नारिंगी पुंजका वर असावा. दुसऱ्या स्लाइडवर तेच ठिपके वयानुसार डावीकडून उजवीकडे पसरावेत. नारिंगी ठिपके सगळे उजवीकडे गोळा होतात, आणि तिथे करडे ठिपकेही उंचावरच आहेत, हे कोणीही न सांगता दिसते. तिसऱ्या स्लाइडवर बाकी सगळे झाकून पंधरा वर्षांच्या आसपासची एक अरुंद उभी पट्टी उघडी ठेवावी. तिच्यात नारिंगी ठिपके बहुतांशी करड्यांच्या खाली दिसतात. अशा पट्ट्या एकामागून एक पाहणे आणि त्यांतील फरकांचा एकत्रित हिशेब करणे, हेच ते ‘नियंत्रण’ होय.

आता परिमाणाचा प्रश्न. ०.२०९ लिटर म्हणजे किती, हे डॉक्टरांनाही चटकन जाणवत नाही, पण आपल्याच मॉडेलमध्ये एक सोयीचे माप आयते पडलेले आहे. वय एका वर्षाने वाढले की फुंकर सरासरी २३१ मिलिलिटरने वाढते, आणि सिगारेट ओढणाऱ्या मुलात ती २०९ मिलिलिटरने कमी आढळते. एकाला दुसऱ्याने भागले की सुमारे अकरा महिने येतात. म्हणजे सिगारेट ओढणाऱ्या मुलाची फुंकर, सरासरीने, त्याच्याहून अकरा महिन्यांनी लहान असलेल्या मुलासारखी असते. हे वाक्य पालकांना समजते आणि संख्याशास्त्रज्ञालाही त्यात फारसे खोटे सापडत नाही.

कोणाला पडताळून पाहायचे असेल, तर आर मध्ये दोनच ओळी लागतात. दुसऱ्या ओळीचा वाद पुढे निघेलच:

```
lm(fev ~ age + smoke)
lm(fev ~ age + height + sex + smoke)
```

छातीचा_डॉक्टर

वाद मीच काढतो. स्पायरोमेट्री करताना रुग्णाची अपेक्षित पातळी आम्ही वय, उंची आणि लिंग या तिन्हींवरून ठरवतो. उंची वगळून मुलांच्या फुप्फुसांची तुलना करणे आमच्या शास्त्रात बसत नाही. सभागृहातील कोणताही छातीचा डॉक्टर हाच पहिला प्रश्न विचारेल. आपली दुसरी ओळ मी चालवून पाहिली. फरक २०९ वरून ८७ मिलिलिटरवर येतो आणि पी व्हॅल्यू ०.१४ होते. याचा अर्थ या पाहणीत सिगारेटचा काही परिणाम नाही, आणि आपले अकरा महिने हवेत विरतात.

अवशेष

डॉक्टरसाहेब, आपल्या प्रतिसादाचा पूर्वार्ध मला मान्य आहे आणि उत्तरार्ध नाही.

८७ मिलिलिटरच्या दोन्ही बाजूंना अनिश्चिततेची मर्यादा घातली, तर ती साधारण २०० मिलिलिटर कमी इथपासून ३० मिलिलिटर अधिक इथपर्यंत जाते. या टप्प्याचा बहुतेक भाग शून्याच्या खाली आहे. परिणाम नाही असे सिद्ध झाले असते, तर तो शून्याभोवती अरुंद असता. ओढणारी मुले जेमतेम ६५ आहेत आणि पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने सिगारेट ओढून ओढून किती वर्षे ओढली असणार? एवढ्या सामग्रीवर ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार मिळत नाही. फार तर असे म्हणता येईल, की उंची आणि लिंग जमेस धरल्यावर ही पाहणी निश्चित काही सांगू शकत नाही.

दुसरा मुद्दा उंची घालावी की नाही हा. समजा, सिगारेटमुळे वाढत्या वयातील मुलाची वाढच थोडी खुंटत असेल. तसे असल्यास उंची सारखी असलेली मुले शोधून तुलना करताना आपण सिगारेटच्या नुकसानीचा एक भाग आधीच वजा करून टाकतो. मॉडेल ठिपक्यांना अधिक घट्ट बसते म्हणून ते आपल्या प्रश्नाचे उत्तर देते, असे होत नाही.

छातीचा_डॉक्टर

आपली शंका कागदावर बरोबर आहे. परंतु दोन-तीन वर्षे अधूनमधून ओढलेल्या सिगारेटीने मुलाची उंची जाणवण्याइतकी घटते, हे मला अनुभवाने पटत नाही. या वयात उंचीतील फरक मुख्यतः आईवडील, पोषण आणि वयात येण्याची वेळ यांवर अवलंबून असतो. तेरा वर्षांचा जो मुलगा लवकर वयात आला, तो उंच असतो, त्याची फुप्फुसे मोठी असतात आणि मोठ्या मुलांत मिसळल्यामुळे त्याच्या हातात सिगारेटही आधी येते. म्हणून उंची घातलीच पाहिजे. ‘परिणाम नाही’ हे शब्द मात्र मी मागे घेतो आणि ‘निश्चित सांगता येत नाही’ असे म्हणतो.

अवशेष

लवकर वयात येणाऱ्या मुलांचा आपला मुद्दा महत्त्वाचा आहे आणि आकड्यांत त्याची खूणही सापडते. मी सुचवलेली पट्टी पंधरा वर्षांवर होती. ती पट्टी बाराव्या वर्षाच्या आसपास नेली, तर नारिंगी आणि करड्या ठिपक्यांत जवळजवळ फरक दिसत नाही. त्याहून लहान वयात तर जी मोजकी मुले सिगारेट ओढतात, त्यांची फुंकर समवयस्कांपेक्षा चांगलीच आहे. मॉडेलमध्ये दोन्ही गटांच्या रेषांना वेगवेगळा उतार घेऊ दिला, तर त्या रेषा बाराव्या वर्षाच्या सुमारास एकमेकींना छेदतात. बहुधा लहान वयात ओढणारी मुले ही आपण म्हणता तशीच, लवकर थोराड झालेली मुले असावीत.

मृण्मयीताई, याचा आपल्या भाषणावर परिणाम होतो. एकच पट्टी दाखवली, तर ती कोणती हे आपण निवडणार, आणि पंधराची पट्टी निवडणे म्हणजे आपल्याला हवे ते उत्तर निवडणे ठरेल.

कारखानीस

आमच्या कोल्हापुरातील फाउंड्रीत नाकारल्या गेलेल्या कास्टिंगचे कारण शोधण्यासाठी मी रिग्रेशन केले होते. वाळूतील ओलावा, ओतण्याचे तापमान आणि पाळी असे तीन घटक घेतले. मालकांसमोर बोलताना मी एवढेच म्हणालो, की रात्रपाळीचे नुकसान रात्रीमुळे होत नसून वाळू त्या वेळी अधिक ओली असते म्हणून होते. मालकांनी ताबडतोब विचारले, ‘मग रात्रपाळीच्या माणसांचा दोष नाही, हे नक्की?’ त्यांना सहगुणक नको होता. कोणाला बोलावे लागेल आणि कोणाला नाही, हे हवे होते. आपल्या श्रोत्यांनाही शेवटी काय करायचे, हेच विचारायचे असणार. तेव्हा भाषणाचा शेवट ‘मुलांना सिगारेटपासून दूर ठेवा’ असा ठणठणीत करावा.

संशयात्मा

@कारखानीस, आपली गोष्ट रंजक आहे, परंतु सल्ला धोक्याचा आहे. सिगारेट वाईट आहे हे सांगण्यासाठी बॉस्टनच्या ६५ मुलांची गरज नाही. त्यासाठी कितीतरी भक्कम पुरावा जगात आहे. या पाहणीतून तो संदेश ओढूनताणून काढला, तर सत्राचा विषयच बाजूला पडेल.

माझा मूळ आक्षेप निराळा आहे. आकडे काढून टाकणे म्हणजे श्रोत्यांना सोपे करून सांगणे, असे सगळ्यांनी गृहीत धरलेले दिसते. आकडा हा श्रोत्याच्या हातातील एकमेव शस्त्र आहे. ‘थोडी कमी’ म्हटले की मी वाद घालू शकत नाही. ‘२०९ मिलिलिटर, पण ५० ते ३७० यांच्यातले काहीही असू शकेल’ म्हटले की घालू शकतो. अकरा महिन्यांचे वाक्य गोड आहे आणि त्याच्या गोडव्याचीच मला भीती वाटते. ऐकणारा ते अकरा महिने घरी घेऊन जाईल, आणि त्याच्या मागे-पुढे किती जागा होती हे सभागृहातच राहील.

अवशेष

मग अनिश्चितताही महिन्यांतच सांगावी. ५० ते ३७० मिलिलिटर याचा अर्थ साधारण तीन महिन्यांपासून दीड वर्षाहून थोडे अधिक. ‘अकरा महिने, पण खरा आकडा तीन महिने असू शकतो किंवा दीड वर्षही असू शकतो’ हे एका श्वासात बोलता येते आणि संशयात्म्याला हवे ते शस्त्रही त्यात आहे.

एक दुरुस्ती सुचवतो. वर्षाला २३१ मिलिलिटर ही ३ ते १९ या सर्व वयांची सरासरी आहे. प्रत्यक्षात किशोरवयाच्या शेवटी, विशेषतः मुलींमध्ये, ही वाढ मंदावते. म्हणून सतरा वर्षांच्या मुलीबाबत ‘अकरा महिने’ हे माप लागू पडणार नाही. पाच मिनिटांत हे सांगता येणार नाही; ‘सरासरीने’ हा शब्द तरी गिळू नये.

संशयात्मा

शब्द गिळला नाही तरी ऐकणारा तो गिळतोच. तरीही मर्यादा त्याच वाक्यात सांगणार असाल, तर माझा निम्मा विरोध मागे घेतो.

सातारची_निवेदिका

मी अनेक वर्षे आकाशवाणीवर निवेदन केले आहे, त्यामुळे गणिताविषयी न बोलता कानाविषयी बोलते. मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द इतक्याच वेगाने बोलावे, म्हणजे पाच मिनिटांत सुमारे पाचशे शब्द. त्यातही चित्र बदलताना दोन सेकंद गप्प राहावे लागते. वाचणारा मागे जाऊन पुन्हा वाचतो, ऐकणाऱ्याला ती सोय नसते, म्हणून ज्याच्याविषयी बोलायचे ते वाक्याच्या सुरुवातीला आणावे. ‘वय नियंत्रित केल्यानंतर धूम्रपानाचा सहगुणक’ यात मुले कोठेच नाहीत. ‘पंधरा वर्षांची ही मुले पाहा’ म्हटले की मान आपोआप वर होते.

गुरुजींच्या वार्ताहराबद्दल: निष्कर्ष पहिल्याच वाक्यात सांगावा आणि कोडे दुसऱ्या वाक्यात घालावे. रहस्य फुटले तरी बिघडत नाही, कारण लोकांना ‘काय’पेक्षा ‘कसे’ यात रस वाटतो. शिवाय ‘फरक सिगारेटमुळे पडला’ असे एकदाही म्हणायचे नसेल, तर संहितेतील प्रत्येक क्रियापद तपासावे. ‘घटवते’, ‘कमी करते’, ‘मागे टाकते’ ही क्रियापदे बोलण्याच्या भरात तोंडातून निसटतात, म्हणून कागदावर ‘आढळते’ हे लिहून त्याखाली रेघ मारावी.

मृण्मयी_स

सर्वांचे मनापासून आभार. आता पूर्ण संहिता नव्याने लिहिली आहे. तीन स्लाइड अवशेष यांच्या सूचनेप्रमाणे आहेत. फक्त तिसऱ्या स्लाइडवरची पट्टी मी हाताने सरकवणार आहे.

‘नमस्कार. सिगारेट ओढणारी शाळकरी मुले त्यांच्याच वयाच्या इतर मुलांपेक्षा सरासरीने थोडी कमी जोरात फुंकतात, असे बॉस्टनमधील एका जुन्या पाहणीत आढळते. हे ऐकून आपल्यापैकी कोणालाही नवल वाटले नसेल. नवल पुढे आहे. त्याच पाहणीतील त्याच मुलांची साधी सरासरी काढली, तर उत्तर उलटे येते.

(पहिली स्लाइड) हा प्रत्येक ठिपका म्हणजे एक मूल. मुलाने खोल श्वास घेतला, जोरात फुंकले आणि पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर आली ते मोजले. ठिपका जितका वर, तितकी हवा अधिक. करडी मुले सिगारेट ओढत नाहीत, नारिंगी मुले ओढतात. नारिंगी पुंजका वर दिसतो. इथेच थांबलो, तर सिगारेटने फुप्फुसे बळकट होतात, असे वाटेल.

(दुसरी स्लाइड) मुले तीच आहेत, ठिपके तेच आहेत. फक्त लहान मुले डावीकडे आणि मोठी मुले उजवीकडे उभी केली आहेत. नारिंगी ठिपके कोठे गेले पाहा. चौथीची आणि दहावीची मुले एकत्र धावली, तर दहावीची पुढे येणारच. त्यात त्यांच्या बुटांचे कौतुक नाही. आपण मघाशी हीच शर्यत पाहिली. ओढणारी मुले मोठी होती, म्हणून त्यांची फुंकर मोठी होती.

(तिसरी स्लाइड) म्हणून आता एका वेळी एकाच वयाची मुले पाहू. ही बारा वर्षांची मुले. नारिंगी आणि करड्या ठिपक्यांत इथे फारसा फरक दिसत नाही. ही चौदा वर्षांची. ही सोळा वर्षांची. इथे नारिंगी ठिपके बरेचसे खाली आहेत. सगळ्या पट्ट्यांचा एकत्रित हिशेब करण्याच्या रीतीला रिग्रेशन म्हणतात. तो हिशेब सांगतो, की ओढणाऱ्या मुलाची फुंकर सरासरीने, त्याच्याहून अकरा महिन्यांनी लहान असलेल्या मुलासारखी आढळते. खरा आकडा तीन महिने असू शकतो किंवा दीड वर्षही असू शकतो, कारण ओढणारी मुले फक्त पासष्ट होती.

हा फरक सिगारेटनेच पडला, असे मी म्हटलेले नाही. एकाच वयाची दोन मुले उंचीने सारखी नसतात. उंचीही आणि मुलगा की मुलगी हेही हिशेबात घेतले, तर फरक निम्म्याहून कमी उरतो आणि तो आहेच, असे या पाहणीवरून छातीठोकपणे सांगता येत नाही. उंची हिशेबात घ्यावी की नाही, यावर जाणकारांचेही एकमत नाही. पुढच्या वेळी दोन गटांची सरासरी कोणी आपल्यापुढे ठेवली, तर ती मुले एकाच वयाची होती का, हे त्यांना विचारा.’

सातारची_निवेदिका

मोठ्याने वाचून पाहिले. पट्टी सरकवण्याचा वेळ धरूनही ही संहिता पाच मिनिटांत आरामात बसते. ‘छातीठोकपणे’ हा शब्द छातीच्या डॉक्टरांसमोर वापरल्यास हशा पिकेल, तो नको असेल तर बदला.

मृण्मयी_स

शेवटच्या मिनिटापर्यंत लोक जागे राहणार असतील, तर तो हशा मला हवा आहे.

आडगावचे_गुरुजी

बुटांना परिषदेत जागा मिळाली, याचा आनंद झाला. बारा, चौदा आणि सोळा अशा तीन पट्ट्या दाखवल्यामुळे आपण काही लपवत नाही, असे वाटते. मात्र नवव्या-दहाव्या वर्षी ओढणारी मुले कोठे आहेत, असे एखादा पालक विचारेलच.

अवशेष

आणि विचारावेच. त्या वयात नारिंगी ठिपके इतके विरळ आहेत, की एखादे-दुसरे मूल काढले तरी चित्र बदलते. एवढेच उत्तर द्यावे. शिवाय सिगारेट ओढण्याची नोंद मुलांना विचारूनच झालेली असणार. दहा वर्षांचे मूल अशा प्रश्नाला प्रत्येक वेळी खरे उत्तर देईल, यावर मी पैज लावणार नाही.

रंगारी

करड्या ठिपक्यांची गर्दी एवढी आहे, की पट्टीतही ते एकमेकांवर बसतील. ठिपके थोडे पारदर्शक ठेवा. आणि पट्टीच्या बाहेरचे ठिपके पूर्ण न झाकता फिकट करा, म्हणजे आपण कोठे आहोत हे श्रोत्यांना कळेल.

छातीचा_डॉक्टर

संहिता चांगली उतरली आहे, परंतु माझ्या मते क्रम उलटा आहे. उंची आणि लिंग धरलेला हिशेब मुख्य असावा आणि फक्त वय धरलेला हिशेब ओघात सांगावा. आपण अकरा महिन्यांचे वाक्य मधोमध ठेवले आहे आणि त्याला झाकोळणारे वाक्य शेवटी. लोक मधले लक्षात ठेवतील.

संशयात्मा

डॉक्टरांशी मी या एका बाबतीत पूर्ण सहमत आहे, आणि हे या धाग्यावर पहिल्यांदाच घडत आहे. माझी एक मागणी अजून शिल्लक आहे. स्लाइडवर आकडे नकोत तर नकोत. दोन्ही हिशेबांचे आकडे, त्यांच्या मर्यादांसह, एका छापील पानावर सभागृहाच्या दाराशी ठेवावेत. ज्याला वाद घालायचा असेल, तो पान उचलेल.

मृण्मयी_स

पान ठेवते. क्रम मात्र तूर्त बदलत नाही, कारण पट्टी सरकवून जे डोळ्यांना दाखवता येते ते वयाचेच आहे. वय, उंची आणि लिंग अशी तिहेरी पट्टी एका पडद्यावर कशी दाखवावी, हे मला सुचलेले नाही. कोणाला सुचल्यास परिषदेपूर्वी अवश्य लिहावे.

छातीचा_डॉक्टर

मलाही सुचलेले नाही. मी श्रोत्यांत असलो, तर प्रश्न मात्र उंचीचाच विचारणार.